बिटकॉइनचा वारसा : किल्ली न देता किल्लीची सोय

घरातील कर्ता माणूस गेला, तर बँकेतील ठेवी, पोस्टातील बचत, शेअर, म्युच्युअल फंड यांसाठी कुटुंबीयांना खेटे घालावे लागतात. पण खेटे घालायला एक दरवाजा तरी असतो. मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि अर्ज दिला की आज ना उद्या रक्कम हाती पडते. बिटकॉइनसारखे आभासी चलन स्वतःच्या ताब्यात ठेवले असेल, तर हा दरवाजाच नसतो. तेथे शाखाधिकारी नाही आणि 'पासवर्ड विसरलात?' असे विचारणारी सोयही नाही. २०२१ च्या सुरवातीस प्रसिद्ध झालेल्या अंदाजांनुसार तोवर निर्माण झालेल्या बिटकॉइनपैकी सुमारे एक-पंचमांश नाणी किल्ल्या हरवल्यामुळे कायमची अडकून पडलेली असावीत.

कायदा वारसाच्या बाजूने आहे. मद्रास उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये आभासी चलन ही मालमत्ता असल्याचे स्पष्ट केले. पण न्यायालय हक्क देऊ शकते, कुलूप उघडू शकत नाही. प्रश्न आहे तो हा : आपण हयात असताना किल्ली कोणाच्याही हाती पडू नये आणि आपल्या पश्चात ती योग्य हाती पडावी, या परस्परविरोधी अपेक्षा एकाच वेळी पूर्ण कशा करायच्या? नाणी एखाद्या एक्स्चेंजच्या खात्यात असतील तर तेथे कागदपत्रांच्या आधारे दावा करता येतो. येथे विचार आहे तो स्वतःच्या वॉलेटमध्ये ठेवलेल्या बिटकॉइनचा.

किल्ली म्हणजे नेमके काय?

वॉलेटमध्ये प्रत्यक्षात नाणी नसतात. असते ती नाणी हलवण्याचा अधिकार देणारी एक प्रचंड मोठी संख्या. तिलाच प्रायव्हेट की म्हणतात. ती लक्षात ठेवणे अशक्य, म्हणून २०१३ पासून ती साध्या इंग्रजी शब्दांच्या रूपात लिहिण्याची पद्धत रूढ झाली. २०४८ शब्दांची एक ठरलेली यादी आहे. तीतून १२ किंवा २४ शब्द विशिष्ट क्रमाने दिले जातात. या शब्दमालेला सीड फ्रेज म्हणतात. हे शब्द ज्याच्याकडे, त्याच्याकडे सारे काही. मूळ यंत्र मोडले तरी नव्या यंत्रात हे शब्द भरले की नाणी परत मिळतात. आणि हेच शब्द चोराने वाचले, तर त्याला यंत्राची गरजही उरत नाही.

यावरून दोन सोप्या वाटणाऱ्या उपायांतील धोका ध्यानात येईल. पहिला उपाय म्हणजे हे शब्द मृत्युपत्रात लिहिणे. मृत्युपत्र वकील पाहतो, ते टंकलिखित होते, नोंदणी कार्यालयात जाऊ शकते आणि पुढे वाद झाल्यास न्यायालयात सादर होते. इतक्या डोळ्यांसमोरून गेलेले शब्द गुप्त राहिले असे कसे म्हणायचे? दुसरा उपाय म्हणजे सारे शब्द पत्नीला वा मुलाला आजच देऊन ठेवणे. येथे प्रश्न केवळ विश्वासाचा नाही. त्या व्यक्तीने सोयीसाठी शब्दांचा मोबाइलवर फोटो काढला आणि तो आपोआप इंटरनेटवरील साठ्यात गेला, तर आपल्या साऱ्या सावधगिरीवर पाणी पडते.

शब्दांचे तुकडे करू नयेत

मग काही जण तिसरा मार्ग काढतात. बारा शब्द तीन कागदांवर असे विभागतात की प्रत्येक कागदावर आठ शब्द यावेत आणि कोणतेही दोन कागद एकत्र आले की बाराही शब्द पूर्ण व्हावेत. एक कागद हरवला तरी चालते आणि एक कागद चोरीस गेला तरी बिघडत नाही, असा समज असतो. तो चुकीचा आहे.

ज्याच्या हाती एक कागद पडला, त्याला केवळ चार शब्द शोधायचे असतात. २०४८ शब्दांतून चार शब्दांच्या सुमारे साडेसतरा लाख कोटी जुळण्या होतात. शब्दमालेतच चूक ओळखणारा एक अंश दडलेला असल्याने सोळापैकी पंधरा जुळण्या लगेच बाद होतात आणि सुमारे १.१ लाख कोटी उरतात. माणसाला ही संख्या अफाट वाटते, संगणकाला नाही. २०२० मध्ये एका जाहीर स्पर्धेत एका बिटकॉइनचे बक्षीस असलेल्या वॉलेटचे आठ शब्द उघड झाले होते. एका प्रोग्रॅमरने भाड्याच्या संगणकशक्तीच्या जोरावर उरलेले चार शब्द दीड दिवसाच्या आत शोधून ते बक्षीस मिळवले. बारा शब्दांचे सरळ दोन तुकडे केले तर आणखी एक अडचण : एक तुकडा हरवला की मालकासाठीही सारे संपले.

तुकडे करायचेच असतील, तर त्यासाठी गणिती पद्धत आहे. आदी शमीर या गणितज्ञाने १९७९ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत एका गुपिताचे असे हिस्से पाडता येतात की ठरलेल्या संख्येपेक्षा कमी हिस्से हाती असतील, तर गुपिताचा तसूभरही बोध होत नाही. काही हार्डवेअर वॉलेटमध्ये ही सोय आहे. मात्र हिश्श्यांतून किल्ली पुन्हा उभी करताना ठरलेल्या संख्येइतके हिस्से एकाच यंत्रात एकत्र आणावे लागतात. त्या क्षणी पूर्ण किल्ली एका जागी येते. कुटुंबाच्या वारशासाठी त्याहून अधिक सोयीचा मार्ग म्हणजे मल्टिसिग.

तीन किल्ल्या, दोन सह्या

सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या धनादेशावर अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार यांपैकी दोघांच्या सह्या लागतात, हे आपल्याला परिचित आहे. मल्टिसिगमध्ये नेमके हेच घडते. तीन स्वतंत्र किल्ल्या तयार करायच्या आणि त्यांपैकी कोणत्याही दोन किल्ल्यांची सही असल्याशिवाय नाणी हलणार नाहीत, अशी अट घालायची. ही अट बिटकॉइनचे जाळे स्वतः पाळते. त्यासाठी कोणा कंपनीवर विसंबावे लागत नाही. एका किल्लीचे सर्व शब्द जरी कोणी वाचले, तरी त्या एकट्या किल्लीने काहीही होत नाही. आणि दोन्ही सह्या आपापल्या ठिकाणी होतात. किल्ल्या एकत्र आणाव्या लागत नाहीत.

एक उदाहरण घेऊ. ठाण्यातील ५८ वर्षांच्या एका अभियंत्याकडे ०.६ बिटकॉइन आहे, असे समजा. पत्नी निवृत्त शिक्षिका, मुलगी नोकरीनिमित्त बंगळूरमध्ये. त्यांनी तीन छोटी हार्डवेअर वॉलेट यंत्रे घ्यावीत. शक्यतो एकाच कंपनीची नसावीत, म्हणजे एका कंपनीच्या यंत्रातील दोषाने तिन्ही किल्ल्या धोक्यात येणार नाहीत. प्रत्येक यंत्रावर नवी शब्दमाला तयार करून ती कागदाऐवजी पोलादी पट्टीवर कोरावी. पहिले यंत्र व त्याची पट्टी घरच्या कपाटात. दुसरी जोडी बँकेच्या लॉकरमध्ये. तिसरी मुलीकडे, बंगळूरला. मग संगणकावर Sparrow Wallet सारख्या प्रोग्रॅममध्ये तिन्ही यंत्रांच्या केवळ सार्वजनिक किल्ल्या जोडून 'तीनपैकी दोन' असे वॉलेट तयार करावे. प्रायव्हेट की यंत्राबाहेर कधी येतच नाही.

आता काय काय घडू शकते ते पाहू. ठाण्याच्या घरात चोरी झाली, तर चोराच्या हाती एकच किल्ली. लॉकर आणि बंगळूर येथील दोन किल्ल्यांनी नाणी ताबडतोब नव्या वॉलेटमध्ये हलवता येतात. मुलीची पट्टी घर बदलताना हरवली, तर घर आणि लॉकर पुरेसे आहेत. अभियंत्यांना स्वतःला नाणी विकायची असतील, तर ते घरच्या यंत्राने अर्धी सही करून ती फाइल मुलीला ई-मेलने पाठवतील आणि मुलगी आपल्या यंत्राने दुसरी सही करील. या फाइलमधून किल्ली उघड होत नाही. आणि अभियंत्यांच्या पश्चात पत्नीकडील घरची पट्टी व मुलीची पट्टी मिळून काम होते. त्यांपैकी एक सापडली नाही, तर लॉकर आहेच.

या रचनेत एक गृहीतक आहे आणि ते उघडपणे मान्य केले पाहिजे. पत्नी आणि मुलगी यांनी मिळून ठरवले, तर अभियंत्यांच्या हयातीतही त्या नाणी हलवू शकतात. ज्यांना हे नको असेल, त्यांनी तिसरी किल्ली घरातल्या माणसाऐवजी वकील वा सनदी लेखापाल अशा बाहेरच्या माणसाकडे, बंद पाकिटात द्यावी. त्या एका किल्लीने तो काहीच करू शकत नाही. घरच्यांना मात्र गरजेच्या वेळी ती मिळते.

सर्वाधिक विसरला जाणारा कागद

मल्टिसिगमध्ये बुडण्याचे सर्वांत मोठे कारण चोरी हे नसून एक कागद विसरणे हे आहे. साध्या वॉलेटमध्ये शब्द असले की पुरे. मल्टिसिगमध्ये दोन किल्ल्यांचे शब्द हाती असले, तरी तिसऱ्या किल्लीची सार्वजनिक बाजू माहीत नसेल, तर नाणी कोणत्या पत्त्यावर आहेत हे शोधताच येत नाही आणि खर्चही करता येत नाहीत. म्हणजे 'एक किल्ली हरवली तरी चालेल' ही खात्रीच फोल ठरते. तिन्ही सार्वजनिक किल्ल्या आणि 'तीनपैकी दोन' ही अट यांची मिळून एक लांबलचक ओळ वॉलेटमध्ये दिसते. तिला डिस्क्रिप्टर म्हणतात. थोडक्यात तिचे रूप असे :

```
wsh(sortedmulti(2,[...]xpub...,[...]xpub...,[...]xpub...))#...
```

येथील 2 म्हणजे लागणाऱ्या सह्या आणि xpub ने सुरू होणाऱ्या तीन लांब ओळी म्हणजे तीन सार्वजनिक किल्ल्या. ही पूर्ण ओळ छापून तिची प्रत तिन्ही ठिकाणी, पट्टीशेजारी ठेवावी. हाताने लिहू नये. एक अक्षर चुकले तरी ती निरुपयोगी होते. छापील प्रतीबरोबर पेनड्राइव्हवरही फाइल ठेवलेली बरी. ही ओळ कोणाच्या हाती पडली, तर तो आपली शिल्लक पाहू शकतो, नाणी मात्र हलवू शकत नाही. म्हणून ती पाकिटात बंद असावी.

लॉकर आणि मृत्युपत्र

लॉकरला नॉमिनी नोंदवलेला असावा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार लॉकरधारकाच्या मृत्यूनंतर योग्य कागदपत्रे मिळाल्यापासून १५ दिवसांत बँकेने दावा निकाली काढायचा असतो. मात्र त्या वेळी साक्षीदारांसमक्ष लॉकरमधील वस्तूंची यादी केली जाते. कोरलेली पट्टी उघडी असेल, तर ती चार-पाच अनोळखी डोळ्यांसमोर येईल. याच नियमांत एक दिलासाही आहे : लॉकरमध्ये सापडलेली मोहोरबंद पाकिटे नॉमिनीला देताना, कायद्याने आवश्यक नसेल तर, ती उघडण्याची बँकेला गरज नाही. म्हणून पट्टी आणि डिस्क्रिप्टर जाड, अपारदर्शक, मोहोरबंद पाकिटात ठेवावे.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हेही लक्षात घ्यावे. शेअरच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये ही बाब स्पष्ट केली : नॉमिनीला मालमत्ता स्वीकारता येते, ती अखेर कोणाची हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. म्हणून मृत्युपत्र हवेच, आणि त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. त्यात एवढेच लिहावे : 'माझ्या मालकीची सर्व आभासी डिजिटल मालमत्ता माझ्या पत्नीस मिळावी. ती मिळवण्याविषयीच्या सूचना मी वेगळ्या पत्रात लिहून ठेवल्या आहेत.' शब्द, पिन क्रमांक वा रक्कम यांपैकी काहीही मृत्युपत्रात नको.

त्या वेगळ्या पत्रात तंत्रज्ञान न जाणणाऱ्या माणसाला समजेल अशा मराठीत काही गोष्टी लिहाव्यात : किती किल्ल्या आहेत, कोठे आहेत, कोणत्या दोन पुरतात, कोणता प्रोग्रॅम वापरला आहे आणि अडचण आल्यास कोणत्या परिचिताला विचारावे. शब्द येथेही नकोत. त्याबरोबर नाणी कधी, कितीला घेतली याच्या पावत्या जोडाव्यात. वारशाने मालमत्ता मिळाली म्हणून भारतात कर लागत नाही. मात्र पुढे ती विकताना नफ्यावर ३० टक्के कर आणि त्यावरील अधिभार भरावा लागतो व नफा मोजताना केवळ खरेदीची किंमत वजा करता येते. पावत्या नसतील, तर तेथे अडचण होते.

रंगीत तालीम

कागदावर नीट दिसणारी योजना प्रत्यक्षात चालते की नाही, हे मालक हयात असतानाच कळले पाहिजे. म्हणून सारी रक्कम हलवण्यापूर्वी नव्या वॉलेटमध्ये केवळ दोन-तीन हजार रुपयांची नाणी टाकावीत. मग संगणकातील वॉलेट पूर्णपणे पुसून टाकावे. पत्नी आणि मुलगी यांनी पत्र वाचून, डिस्क्रिप्टर व दोन पट्ट्या वापरून वॉलेट नव्याने उभे करावे आणि ती छोटी रक्कम दुसरीकडे पाठवून दाखवावी. अभियंत्यांनी शेजारी बसावे; पण बोलू नये. जेथे त्यांना बोलावेसे वाटेल, तेथे पत्रात त्रुटी आहे असे समजावे. तालमीत पट्टीवरचे शब्द भरायचे ते केवळ हार्डवेअर वॉलेटच्या पडद्यावर; संगणकाच्या वा मोबाइलच्या कळफलकावर कधीही नाही.

पुढे दर वर्षी सारी तालीम करण्याची गरज नाही. प्रत्येक किल्लीला आठ अक्षरांची एक ओळखखूण असते. वॉलेटमध्ये ती Master fingerprint या नावाने दिसते. ती पाकिटावर बाहेरून लिहून ठेवावी. वर्षातून एकदा यंत्र जोडून तीच खूण दिसते का, एवढे पाहिले की त्या यंत्रातील किल्ली शाबूत असल्याचे कळते. पट्टीवरील शब्द बरोबर आहेत की नाही, हे मात्र तालमीतच कळते. कोरताना झालेली चूक ओळखखूण दाखवणार नाही.

काळाचे कुलूप

ज्यांना हयातीत वारसाच्या हाती चालू किल्ली नकोच असेल, त्यांच्यासाठी आणखी एक मार्ग आहे. बिटकॉइनमध्ये २०१६ पासून अशी अट घालता येते की मालकाची किल्ली केव्हाही चालेल, वारसाची किल्ली मात्र नाणी ठरावीक काळ जागची हललेली नसतील तरच चालू होईल. Liana या वॉलेटमध्ये ही सोय तयार स्वरूपात मिळते. ही मुदत ब्लॉकमध्ये मोजली जाते. जास्तीत जास्त मर्यादा ६५,५३५ ब्लॉकची, म्हणजे साधारण पंधरा महिन्यांची.

याचा अर्थ मालकाने दर वर्षी नाणी स्वतःलाच एकदा पाठवायची. मुदत पुन्हा शून्यापासून सुरू होते. त्यासाठी थोडे व्यवहारशुल्क पडते. मालक विसरला किंवा दीर्घ आजारात अंथरुणाला खिळला, तर वारसाची किल्ली त्याच्या हयातीतच चालू होते. दुसरीकडे, मालकाने नुकतीच मुदत नव्याने सुरू केली आणि आठवडाभरात त्याचे निधन झाले, तर कुटुंबाला जवळपास पूर्ण मुदत थांबावे लागते. घरखर्च ज्यावर अवलंबून आहे अशी रक्कम या कुलपात ठेवू नये. येथेही डिस्क्रिप्टरची प्रत वारसाकडे असणे तितकेच आवश्यक आहे.

प्रसंग आल्यावर

कुटुंबीयांसाठी पत्राच्या अखेरीस चार ओळी ठळक अक्षरांत असाव्यात. घाई करू नका. न हललेली नाणी कोठेही जात नाहीत. यंत्राचा पिन अंदाजाने दाबत बसू नका. ठरावीक वेळा चुकल्यास यंत्र स्वतःला पुसून टाकते, मात्र पट्टी असल्यास त्याने नुकसान होत नाही. नाणी काढून देतो म्हणून शब्द मागणारा कोणीही, मग तो कंपनीचा प्रतिनिधी म्हणवत असला तरी, लुबाडणाराच समजा. आणि दोन किल्ल्या हाती आल्या की प्रथम स्वतःचे नवे वॉलेट उघडा, त्यात आधी छोटी रक्कम पाठवा, ती पोचल्याची खात्री करा आणि मगच उरलेली सारी नाणी हलवा.